कॉलेजच्या जिगरी दोस्तासाठी फ्लेक्सछाप वाढदिवस पोस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लेक्सछाप पोस्ट म्हणजे नेमकं काय?

चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. वर पदव्यांची माळ: तरुण तडफदार, युवकांचे आशास्थान, दिलदार व्यक्तिमत्त्व. मध्ये ठसठशीत अक्षरांत नाव, खाली ‘यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’ आणि तळाशी शुभेच्छुकांची यादी. हाच साचा घेऊन आपल्या मित्रावर लिहायचं, फक्त पदव्या त्याच्या होस्टेलमधल्या, कँटीनमधल्या आणि सबमिशनच्या आठवड्यातल्या पराक्रमांच्या द्यायच्या. मराठीत मित्राची खेचण्याचा हा सध्या सगळ्यात लाडका प्रकार आहे आणि मलाही तोच सगळ्यात आवडतो. कारण त्यात शुभेच्छा आणि टिंगल वेगवेगळ्या ठेवाव्या लागत नाहीत, एकाच ओळीत दोन्ही बसतात.

त्यातली गंमत येते ती उंच भाषा आणि बारकी गोष्ट यांच्या टकरीतून. ‘सम्राट’, ‘भूषण’, ‘आद्य प्रवर्तक’ हे शब्द वजनदार आहेत. ते मेसच्या ताटाला किंवा अर्धवट जर्नलला चिकटले की हसू फुटतं. पण ती बारकी गोष्ट खरी घडलेली हवी. ‘लाखो दिलांची धडकन’ कुणालाही लावता येतं, म्हणून ते कुणाचंच नसतं.

लिहायला बसलं की डोकं रिकामं होतं. सुरुवात कुठून करू?

मित्राचं वर्णन करायला जाऊ नका. ‘तो खूप मजेशीर आहे, दिलदार आहे, सगळ्यांना हसवतो’ असं लिहीत गेलात की पुढे काहीच सुचणार नाही, कारण विशेषणांतून किस्सा निघत नाही. त्याऐवजी एका कागदावर लिहा की तो काय करायचा. क्रियापदं शोधा. कुणाच्या डब्यातलं खायचा? लेक्चरला कुठल्या दाराने शिरायचा? उशीर झाला की काय थाप मारायचा? परीक्षेच्या आदल्या रात्री कुठे सापडायचा? टपरीवर पैसे द्यायची वेळ आली की त्याला कुणाचा फोन यायचा?

मग ग्रुपमधल्या दोघांना वेगवेगळा फोन करा, आणि फोनच करा. मेसेजवर लोक ‘अरे किती किस्से आहेत’ एवढंच लिहितात, बोलायला लागले की मात्र तपशील सुटायला लागतात. दोघांनीही आपणहून जो किस्सा सांगितला तो पक्का धरा. एकाच किश्शाबद्दल दोघांचं म्हणणं वेगळं पडलं तर त्याहून चांगलं, कारण त्या भांडणावरच पोस्टखाली दिवसभर कॉमेंट पडतात.

आणखी एक खाण म्हणजे जुन्या ग्रुपमधला शोध. मित्राचं नाव टाकून शोधण्यापेक्षा त्याचं ठरलेलं वाक्य टाकून शोधा. ‘पोचलोच’, ‘आलोच’, ‘उद्या देतो’ असं काहीतरी प्रत्येकाचं असतं आणि ते तारीखवार सापडतं.

हाती दहा किस्से आले. त्यातला कोणता घ्यायचा?

ज्यात एखादी वस्तू आहे तो. वस्तू असली की न पाहिलेल्या माणसालाही चित्र दिसतं.

समजा, एक किस्सा असा आहे: ‘थर्ड इयरला आपण ट्रिपला गेलो होतो तेव्हा काय धमाल केली होती!’ हा पोस्टसाठी कुचकामी आहे. त्या धमालीत असलेल्यांना तो आठवेल, बाकीच्यांसाठी तिथे काहीच नाही. दुसरा किस्सा असा: राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम होता, सकाळी पोहे करायचे ठरले होते आणि सामानाची जबाबदारी याने घेतली होती. याने स्टोव्ह आणला, कढई आणली, तेल, मोहरी, हळद, कढीपत्ता, पुडीत बांधलेले शेंगदाणे, सगळं आणलं. पोहे होस्टेलच्या खाटेवर राहिले. फोडणी तडतडत असताना हे उघडकीला आलं. मग त्याने शांतपणे बिस्किटांचा पुडा फोडला आणि फोडणीत टाकला. त्या दिवसापासून त्याचं नाव ‘फोडणी’.

हा किस्सा राजगड न चढलेल्या माणसालाही कळतो आणि मित्राला मात्र त्या हळदीच्या बिस्किटांची चव आठवते. पोस्टमध्ये हे दोन्ही साधायला हवं. तपासायला सोपं आहे. किस्सा तीन जणांना मनातल्या मनात ऐकवा: स्वतः मित्राला, ग्रुपमधल्या एखाद्याला आणि त्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला. पहिले दोघे खो खो हसले पाहिजेत, तिसऱ्याला निदान काय घडलं ते कळलं पाहिजे. तिसऱ्यासाठी वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत असेल तर तो किस्सा फक्त ग्रुपसाठी राखून ठेवा.

पदव्या कशा बनवायच्या?

मराठीने यासाठी आयती सोय करून ठेवली आहे. कुठल्याही शब्दाला सम्राट, केसरी, भूषण, रत्न, महर्षी, शिरोमणी, तज्ज्ञ, दाते, जनक असं काहीही जोडा, पदवी तयार. कटिंगकेसरी, प्रॉक्सीरत्न, उधारीभूषण. पण हे इतकं सोपं आहे म्हणूनच इथे बहुतेक पोस्टी घसरतात. वीस पदव्यांची आगगाडी येते आणि पाचवीनंतर कुणी वाचत नाही.

चार पुरतात. आणि प्रत्येक पदवीमागे एक घडलेला प्रसंग असलाच पाहिजे, कुणी विचारलं तर सांगता येईल असा. ‘उधारीभूषण’ लिहिलं आणि त्याने कधी उधारी केलीच नसेल, तर ती पदवी खोटी आहे आणि मित्राला ते लगेच जाणवतं. आपल्याबद्दल लिहिलेलं वाचताना माणूस एवढंच शोधत असतो की याला माझं नेमकं काय लक्षात आहे.

पदव्यांचा क्रमही जमवावा लागतो. पहिली पदवी जरा गंभीर, खऱ्या फ्लेक्सवर शोभेल अशी. दुसरीत कॉलेज शिरतं. तिसरी सगळ्यात लांब, जवळजवळ श्वास संपेपर्यंत. चौथी आखूड आणि थेट. मोठ्याने वाचून बघा. जिथे जीभ अडखळते तिथे शब्द बदला, कारण ही पोस्ट संध्याकाळी केक कापताना कुणीतरी मोठ्याने वाचणारच.

आणि क्रियापद आदरार्थी ठेवा. ‘आणणारे’, ‘विचारात पाडणारे’, ‘यांना’. एरवी ज्याला ‘अबे’शिवाय हाक मारली नाही त्याला ‘यांना’ म्हटलं की अर्धं काम तिथेच होतं.

एक पूर्ण उदाहरण दाखवाल का?

वरच्याच फोडणीचं घेऊ. कागदावर त्याच्याबद्दल चार गोष्टी निघाल्या.

पहिली, राजगडावरची फोडणी. दुसरी, ड्रॉइंगची शीट. इंजिनिअरिंगला ज्यांनी जीटी मारली आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली ट्यूबलाइट, काचेवर पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. खालच्या रेघा वर दिसतात, त्या गिरवायच्या. हीच ग्लास ट्रेसिंग, म्हणजे जीटी. फोडणीची शीट सगळ्यात आधी पूर्ण व्हायची आणि मग ती होस्टेलभर फिरायची. एकदा त्याच्या शीटवर एका मापाचा बाण उलटा पडला, आणि तो उलटा बाण मजल्यावरच्या प्रत्येक शीटवर इमानेइतबारे उतरला.

तिसरी, त्याचं ‘पाचच मिनिटांत पोचतो’. हे तो पांघरुणातून बोलायचा. चौथी, व्हायव्हा. एक्स्टर्नलने प्रश्न विचारला, याने क्षणभर विचार केला, ‘सर, प्रश्न फार चांगला आहे’ म्हणाला आणि थांबला. पुढे काही बोललाच नाही.

आणि एक गोष्ट अशी, जिच्यात विनोद नाही. एम-थ्री म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या आदल्या रात्री त्याचा स्वतःचा अभ्यास झालेला होता. तरीही रात्री तीन वाजेपर्यंत तो बाकीच्या चौघांना लाप्लास शिकवत बसला. चौघेही सुटले.

यातून तयार झालेली पोस्ट अशी:

> दुर्गप्रेमी, अन्नदाते,
> राजगडी पोह्यांविना फोडणी देऊन बिस्किटांचा उद्धार करणारे,
> ज्यांचा एक उलटा बाण अख्ख्या मजल्याच्या शीटवर सुलटा मानला गेला आणि सरांच्या लाल पेनालाही जो पुरून उरला, असे जीटीसम्राट,
> व्हायव्हात एक्स्टर्नललाच विचारात पाडणारे
> आमचे लाडके फोडणीशेठ
> यांना वाढदिवसाच्या कढईभर शुभेच्छा!
>
> शुभेच्छुक: पोह्यांची अजून वाट पाहणारे चौघे
> (सत्कारमूर्ती पाचच मिनिटांत पोचत आहेत.)
>
> फोडण्या, एम-थ्रीच्या आदल्या रात्री तू तीनपर्यंत लाप्लास शिकवलास म्हणून आम्ही चौघं सुटलो. तुझं तुझं वाचून झोपला असतास तरी कुणी काही म्हटलं नसतं. खूप मोठा हो. आणि पुढच्या ट्रिपला पोहे आम्ही आणतो.

यात काय घेतलं, काय गाळलं?

‘दुर्गप्रेमी, अन्नदाते’ हे दोन शब्द मुद्दाम सरळ ठेवले आहेत. वाचणाऱ्याला आधी खरा फ्लेक्स वाटला पाहिजे, दुसऱ्या ओळीत त्याचा पाय घसरला पाहिजे. पहिल्याच शब्दाला विनोद केला तर घसरायला जागाच उरत नाही.

बाणाची ओळ सगळ्यात लांब आहे, कारण त्या किश्शात दोन वळणं आहेत: चूक झाली आणि मग सगळ्यांनी ती गिरवली. फोडणीची गोष्ट मात्र थोडक्यात आटोपली, कारण टोपणनाव पुढे येऊन ती पुन्हा जागी करतंच.

‘पाचच मिनिटांत पोचतो’ आधी पदव्यांमध्ये होतं. तिथे ते पाचवं झालं आणि माळ लांबली. मग ते शुभेच्छुकांच्या खाली कंसात गेलं आणि तिथे जास्त रंगलं, कारण कार्यक्रमपत्रिकेत सत्कारमूर्तींची वाट पाहण्याची सूचना शोभून दिसते. एखादा चांगला किस्सा बसत नसेल तर फेकून देण्याआधी त्याला अशी दुसरी जागा मिळते का बघा. ‘शुभेच्छुक’ ही तर फारच सोन्यासारखी जागा आहे आणि बहुतेक जण तिथे नुसती नावं लिहून ती वाया घालवतात.

‘अरे आव्वाज कुणाचा?’ ही आरोळी पहिल्या ओळीला टाकायचा मोह झाला होता. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात जाऊन आलेल्या कुणालाही ती ऐकली की अंगावर काटा येतो. पण फोडणीने नाटकात कधी पडदाही ओढलेला नाही. तो बॅकस्टेजला राबला असता तर हीच ओळ सगळ्यात वर गेली असती. आपल्याला आवडते म्हणून ती त्याच्या गळ्यात घालू नये.

शेवटी गंभीर ओळ हवीच का? त्याने मजा जात नाही का?

हवीच. माझं याबाबतीत ठाम मत आहे. वर जी खेचाखेच केली ती प्रेमाने केली हे मित्राला माहीत असतं, पण वर्षातून एकदा ते लिहून दाखवायला काय हरकत आहे? कॉलेजातल्या मुलांना एकमेकांना तोंडावर चांगलं म्हणायची सवय नसते. वाढदिवस हे त्यासाठी चांगलं निमित्त आहे.

फक्त ती ओळ ‘तू माझ्यासाठी खूप खास आहेस’ अशी नको. तीही प्रसंगाचीच हवी. एम-थ्री, लाप्लास, रात्रीचे तीन. एकच प्रसंग, दोन-तीन वाक्यं, आणि तिथे आदरार्थी ‘यांना’ सोडून सरळ ‘तू’वर या. सगळ्या पोस्टभर ‘यांना, यांना’ चाललेलं असताना अचानक ‘तू’ आला की तो मनाला भिडतो. त्याच ओळीत पुन्हा मोठी कोटी करू नका. छोटीशी चालते, पोह्यांसारखी, म्हणजे वाचणाऱ्याला डोळे पुसायला वेळ मिळतो.

कशावर विनोद करायचा नाही?

रंग, वजन, टक्कल, उंची, जात, गाव, घरची परिस्थिती, बोलण्यातला दोष. कॉलेजात यावरून चिडवलं गेलं असेल आणि तो तेव्हा हसलाही असेल, तरी नको. तेव्हा त्याला हसण्यावाचून पर्याय नव्हता, असंही असू शकतं.

जुन्या प्रेमप्रकरणांना तर हातच लावू नका. ‘तिसऱ्या बाकावरची’ एवढा सूचक उल्लेखसुद्धा नको. पोस्ट आता त्याची बायको वाचते, सासरे वाचतात. शिवाय ती तिसऱ्या बाकावरचीही कदाचित तुमच्याच यादीत आहे आणि तिला यात ओढायचं काहीच कारण नाही.

केटी, वायडी, राहिलेले विषय यांचं जरा वेगळं आहे. एक वर्ष गेलं म्हणजे नुसते मार्क गेलेले नसतात. घरी फोन केलेला असतो, कुणी कर्ज काढलेलं असतं. याला साधी कसोटी अशी: तो हा किस्सा स्वतः चारचौघांत सांगतो का? सांगत असेल तर तुम्हीही सांगा, तो सांगतो तेवढाच. तो विषय निघाला की गप्प होत असेल तर तुम्हीही गप्प. ही कसोटी बाकी सगळ्या किश्शांनाही लागू पडते.

दारू-सिगारेटचे किस्से सार्वजनिक पोस्टमध्ये नकोत. तो आज शिक्षक असेल, बँकेत असेल, त्याच्या मुलांच्या शाळेतले पालक त्याच्या यादीत असतील.

मैत्रिणीसाठी लिहायचं असेल तर?

कृती तीच. पदव्यांची रूपं मात्र जमवून घ्या: ‘सम्राज्ञी’, ‘प्रवर्तिका’, ‘तडफदार नेत्या’. ‘सुंदर, सोज्वळ, गोड’ या वाटेला जाऊ नका. तिनेही प्रॉक्सी मारली आहे, तिनेही गॅदरिंगला स्टेजच्या मागे मारामाऱ्या सोडवल्या आहेत, तिच्याच जर्नलवर निम्मा वर्ग तरला आहे. पदव्या तिला त्याच्याच द्या. लग्न, स्वयंपाक, वय यावरचे घासलेले विनोद बाजूला राहू द्या. आणि तिच्या घरच्यांना कोणता किस्सा माहीत आहे, कोणता नाही, हे आधी तिलाच विचारा. मुलींच्या बाबतीत ‘रात्री उशिरापर्यंत टेकडीवर’ या तीन शब्दांचा अर्थ कोण काय काढेल हे तिला जास्त कळतं.

पोस्ट कुठे टाकायची? ग्रुपवर, स्टेटसला की फेसबुकवर?

पूर्ण पोस्ट फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. स्टेटस चोवीस तासांत जातं आणि लोक ते भराभर अंगठ्याने पुढे ढकलतात, तिथे एक फोटो आणि एकच पदवी पुरे.

ग्रुपवर लांब मेसेज पूर्ण दिसत नाही, खालचा भाग ‘आणखी वाचा’च्या मागे जातो. त्यामुळे पहिल्या दोन ओळींतच फ्लेक्सचा थाट जमला पाहिजे. नाव ठळक करायला दोन्ही बाजूंना तारका द्या, `*फोडणीशेठ*` अशा. तारका आणि अक्षर यांच्यात जागा सोडली तर ठळक होत नाही, नुसत्या तारका दिसतात. टाकल्यावर चूक दिसली तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. तेव्हा पोस्ट टाकून लगेच झोपू नका, एकदा शांतपणे वाचा. नाव आणि तारीख आधी तपासा.

फेसबुकवर त्याला टॅग केलंत की त्याच्या ओळखीच्यांनाही पोस्ट दिसू शकते. म्हणून तिथे फक्त तीन जणांच्या कसोटीत पास झालेले किस्से.

फोटो कोणता लावू?

ग्रुपफोटो नको, त्यात तो शोधावा लागतो. हातात वस्तू असलेला, खुणेचा एकच फोटो. फोडणीचा कढई धरलेला फोटो असेल तर मजकूर निम्मा केला तरी चालेल. फोटोत दुसरं कुणी असेल तर त्याला आधी विचारा.

त्याचा वाढदिवस नक्की कधी असतो तेच कळत नाही. कागदावर १ जून आहे!

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली किंवा वय बसवायचं असलं की गुरुजी १ जून लिहून टाकायचे. खेड्यातून आलेल्या कितीतरी मित्रांची दाखल्यावरची तारीख हीच आहे. म्हणूनच दर १ जूनला फेसबुक वाढदिवसांनी भरून वाहतं.

खरी तारीख त्याच्या आईला विचारा. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ किंवा ‘संक्रांतीच्या आधी, गुरुवार होता’ असं उत्तर येऊ शकतं. पोळ्याचं उत्तर तिथीचं असल्याने त्याची तारीख दर वर्षी बदलते. जन्मसाल माहीत असेल तर त्या सालचं पंचांग किंवा जुनं कॅलेंडर पाहून तारीख काढता येते. संक्रांत बहुधा १४ जानेवारीच्या आसपासच येते, तिच्यावरून शोध सोपा जातो.

आणि मित्राला कोणता दिवस आपला वाटतो ते बघा. काही जण १ जूनच साजरा करतात, त्यांना तोच आवडतो. तुम्ही खरी तारीख शोधून त्या दिवशी पोस्ट टाकलीत तर मात्र पोस्टमध्ये दाखल्याचा उल्लेख करू नका. सरकारी कागदांवरची तारीख हा नोकरीचा, निवृत्तीचा विषय असतो. फक्त शुभेच्छा द्या, त्याला बरोबर कळेल.

रात्री बाराला टाकू की सकाळी?

बाराला फोन करा, पोस्ट सकाळी टाका. बाराला तो फोनवर अडकलेला असतो, वाचतो तो सकाळी चहाबरोबर.

मित्र परदेशी असेल तर त्याच्या घड्याळाने चाला. उदाहरणार्थ, न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात, हिवाळ्यात साडेदहा. आपल्या बाराला टाकलेली पोस्ट उन्हाळ्यात त्याला आदल्या दिवशी दुपारी अडीचला मिळते, ऑफिसात बसलेला असताना. तसंही चालतं, पण त्याच्या सकाळी आठला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेपाचला टाकलीत तर इकडचा ग्रुपही ऑफिस आटपत आलेला असतो आणि कॉमेंटांची मैफल दोन्हीकडून जमते.

खरोखरचा फ्लेक्स छापून चौकात लावला तर?

परवानगीशिवाय नको. सार्वजनिक जागी विनापरवाना फलक लावण्याविरुद्ध १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे आणि बेकायदा फलकांवर कारवाईचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. शिवाय खाली शुभेच्छुकांमध्ये तुमचं नाव आणि फोटो तुम्हीच छापलेला असतो, महापालिकेला वेगळा शोध घ्यावा लागत नाही. छापायचाच असेल तर छोटा करा आणि त्याच्या घरात, केकच्या मागे लावा. मोठ्या अक्षरांत नाव आणि टोपणनाव, बाकी मजकूर निम्मा. पोस्टमधलं सगळं फ्लेक्सवर कोंबलं तर काहीच वाचता येत नाही. छपाईला देण्यापूर्वी ऱ्हस्व-दीर्घ स्वतः तपासा, दुकानातला माणूस तुम्ही दिलंय तसंच छापतो.

बरीच वर्षं बोलणं नाही. अशी पोस्ट टाकली तर चालेल का?

आधी फोन करा किंवा एकट्याला मेसेज करा. मधल्या वर्षांत त्याच्याकडे काय घडलं हे माहीत नसताना चारचौघांत ‘फोडणीशेठ’ म्हणणं बरोबर नाही. हे नाव आता त्याला नकोसंही झालेलं असू शकतं. मेसेजमध्ये एकच किस्सा, दोन ओळींत, आणि शेवटी एक साधा प्रश्न: ‘कसा आहेस?’ उत्तर जुन्याच भाषेत आलं, त्याने स्वतःच स्वतःला ‘फोडणी’ म्हटलं, की रस्ता मोकळा. पोस्ट मग त्याच दिवशी टाकायलाच हवी असं नाही. संध्याकाळी त्याच्याशी तासभर बोला. बोलताना त्याला आठवलेले किस्से लिहून ठेवा, पुढच्या वर्षीची पोस्ट त्यातूनच निघेल.